पेपर टाकण्याआधी पत्र हातात घ्या

"अभिनंदन मॅडम, तुमचं सिलेक्शन झालंय. पॅकेज पंधरा लाख. आता तुम्ही पेपर टाका आणि लास्ट वर्किंग डे कळवा, लेटर मागून येईलच." हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा बेंगळुरूच्या कुठल्याही आयटी पार्कमध्ये नोकरी बदललेल्या माणसाने हे वाक्य या ना त्या रूपात ऐकलेलं असतं. बोलणारा खोटं बोलत असतो असं नाही. बहुतेक वेळा पुढे लेटर येतंही. पण या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. कंपनीकडून आपल्याला मिळतो तो फोनवरचा शब्द, आणि आपल्याकडून मागितला जातो तो लेखी राजीनामा. शब्द फिरवायला काही लागत नाही, राजीनामा मागे घ्यायला मात्र दुसऱ्याची मर्जी लागते.

म्हणून राजीनाम्याआधी ऑफर लेटर मागायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी प्रत्यक्षात मागताना जीभ अडखळते. रिक्रूटरला अविश्वास वाटेल, हातातली संधी जाईल, अशी भीती असते. ती कमी करायची तर फोन आणि पत्र यांच्या मधल्या दिवसांत पडद्यामागे काय चाललेलं असतं, ते आधी समजून घ्यायला हवं.

फोन आणि पत्र यांच्या मधले दिवस

मुलाखती घेणाऱ्यांनी होकार दिला की निवड झाली असं आपण समजतो. कंपनीच्या लेखी तो फक्त तांत्रिक होकार असतो. त्यानंतर एचआर आपल्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६ आणि आधीच्या कंपन्यांची रिलीव्हिंग लेटर मागवतं. त्यावरून आपल्याला कोणत्या पदश्रेणीत आणि किती पगारावर बसवायचं ते ठरतं. मग तो आकडा मंजुरीसाठी वर जातो. विभागप्रमुख, कधी वित्त विभाग, आणि जागा एखाद्या ग्राहकाच्या प्रोजेक्टसाठी असेल तर तो ग्राहकही, अशा दोन-तीन पायऱ्या असतात. या सगळ्यांचा होकार आला की मगच कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून पत्र बाहेर पडतं.

रिक्रूटरचा फोन या साखळीत कुठेही येऊ शकतो. सगळ्या मंजुऱ्या झाल्यावर येतो, तसा मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशीही येतो, कारण उमेदवार दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्याला आधीच बांधून ठेवायचं असतं. आपल्याला दोन्ही फोन सारखेच ऐकू येतात. तिमाही संपताना भरती गोठवली गेली, प्रोजेक्ट पुढे ढकललं गेलं किंवा वरच्या साहेबाने आकडा खाली आणायला सांगितला, तर पहिल्या फोनला काही अर्थ उरत नाही.

त्यात रिक्रूटर नेमका कोणाचा, हाही प्रश्न आहे. कंपनीच्या स्वतःच्या एचआरमधला माणूस असेल तर निदान मंजुरी कुठे अडकली ते त्याला कळतं. पण पुष्कळदा फोन करणारा बाहेरच्या कन्सल्टन्सीचा असतो. या धंद्यातला जुना रूढ दर म्हणजे उमेदवाराच्या वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, थोडक्यात एका महिन्याचा पगार. पंधरा लाखांच्या नोकरीवर हे कमिशन सव्वा लाखाच्या आसपास जातं. ते उमेदवार रुजू झाल्यावर मिळतं, आणि तो दोन-तीन महिन्यांत निघून गेला तर बहुधा परत द्यावं लागतं किंवा बदली माणूस द्यावा लागतो. आपण लवकर राजीनामा दिला की आपली परतीची वाट अरुंद होते आणि त्याचं कमिशन पक्कं होत जातं. हा माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याची घाई आणि आपली घाई एक नसते. शिवाय कंपनीच्या वतीने नोकरी देण्याचा अधिकार त्याला नसतो. तो निरोप आणणारा असतो.

म्हणून लेटर मागण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: "ऑफरला फायनल अप्रूव्हल आलंय, की यायचंय?" खरं उत्तर असेल तर त्यात एक तारीख असते. "विभागप्रमुखांकडे आहे, बुधवारपर्यंत येईल" हे नीट उत्तर झालं. "हो हो, सगळं झालंय, फक्त सिस्टीममध्ये प्रॉब्लेम आहे" हे आठवडाभर ऐकू आलं तर मंजुरी आलेली नाही असंच समजावं. आणि "आमच्याकडे लेटर जॉइनिंगच्या दिवशीच मिळतं" असं कोणी म्हणालं, तर त्या दिवशी हातात पडेल त्या आकड्यावर बोलायला आपल्याकडे काहीही शिल्लक नसेल, हे ओळखून घ्यावं.

रिक्रूटरचीही एक बाजू आहे

आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत नोटिस पीरियड बहुधा ६० किंवा ९० दिवसांचा असतो. नव्या कंपनीने आज माणूस निवडला तरी तो तीन महिन्यांनी येणार. या तीन महिन्यांत तोच माणूस हातातलं लेटर दाखवून आणखी दोन कंपन्यांत मुलाखती देतो, तिथून जास्त आकडा मिळवतो आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी फोन बंद ठेवतो. हे इतक्या वेळा घडतं की कंपन्यांनी उलटी युक्ती काढली: आधी राजीनामा स्वीकारल्याचा मेल पाठवा, मग ऑफर लेटर सोडतो.

कंपनीची भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय मात्र सगळा उमेदवाराच्या अंगावर पडतो. जागेचा व्यवहार तोंडी ठरला म्हणून कोणी राहतं घर रिकामं करत नाही. इथे तेच करायला सांगितलं जातं.

यातून दोघांनाही चालेल असा मार्ग आहे, आणि बऱ्याच कंपन्या तो वापरतातही. तो म्हणजे अट घातलेलं ऑफर लेटर. कंपनी पूर्ण पत्र देते आणि त्यातच लिहिते की सात दिवसांत राजीनामा स्वीकारल्याचा मेल सादर केला नाही तर ही ऑफर आपोआप रद्द होईल. कंपनीला हवा तो पुरावा मिळतो, उमेदवाराला कागद. "आधी राजीनामा" असा हट्ट झाला की "लेटरमध्येच सात दिवसांची अट घाला, मी ती पाळते" असं म्हणावं. या मागणीला नाही म्हणायला सहसा कारण सापडत नाही. तरीही नकारच आला, तर अडचण आपल्या विश्वासार्हतेची नाही, अजून न आलेल्या मंजुरीची आहे हे कळून चुकतं.

कधीकधी मधला पर्याय म्हणून लेटर ऑफ इंटेंट दिलं जातं. नावाप्रमाणे ते इरादापत्र असतं. तुम्हाला अमुक पदावर घेण्याचा आमचा विचार आहे एवढंच ते सांगतं, आणि बऱ्याचदा तळाला "हे पत्र बंधनकारक नाही" असं स्पष्ट छापलेलंही असतं. त्यात पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख नसेल तर त्याच्या भरवशावर राजीनामा देऊ नये. फोनपेक्षा ते बरं, कारण निदान कंपनीच्या मेलवरून काहीतरी आलं. पण ते ऑफर लेटर नव्हे.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, पुण्यातली सहा वर्षं अनुभव असलेली एक सॉफ्टवेअर टेस्टर आहे. सध्याचं पॅकेज अकरा लाख, हातात येण्याआधीचा मासिक ग्रॉस पगार ८५,००० रुपये, नोटिस ९० दिवसांची. कन्सल्टन्सीच्या रिक्रूटरचा गुरुवारी फोन येतो: पॅकेज पंधरा लाख, ऑफिस पुण्यातच, आजच पेपर टाका. अकराचे पंधरा म्हणजे ३६ टक्क्यांची वाढ. कोणीही हरखेल.

ती फोनवर हो म्हणते, आनंद दाखवते आणि तासाभरात एक मेल पाठवते. त्यात तक्रारीचा सूर नसतो: "आजच्या फोनबद्दल आभार. आपण सांगितलेलं पद, पंधरा लाखांचं वार्षिक पॅकेज आणि पुणे हे ठिकाण मला मान्य आहे. माझी नोटिस ९० दिवसांची आहे. पगाराच्या फोडीसह ऑफर लेटर मिळालं की मी त्याच दिवशी स्वीकृती कळवीन आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन. लेटर साधारण कधीपर्यंत अपेक्षित धरू?"

या मेलमध्ये तिने तीन कामं केली. फोनवर जे बोललं गेलं ते लेखी नोंदवलं. आपण टाळाटाळ करत नाही, हे "दुसऱ्या दिवशी" म्हणून दाखवलं. आणि समोरच्याकडून तारीख मागितली. मेलची प्रत तिने कंपनीच्या एचआरलाही पाठवली, कारण मुलाखतीचं निमंत्रण तिथूनच आलं होतं. कन्सल्टन्सीच्या माणसाने वाढवून सांगितलं असेल तर ते इथेच उघडं पडतं.

शुक्रवारी रिक्रूटरचा पुन्हा फोन: "मॅडम, क्लायंटला तुमची जॉइनिंग डेट लवकर हवीय. लेटरसाठी थांबलात तर तेवढे दिवस जातील." ती शांतपणे म्हणते, "लेटर आजच आलं तर मी उद्याच पेपर टाकते. जॉइनिंग डेट लेटरच्या तारखेपासून ९१ दिवसांनी धरा." हे उत्तर महत्त्वाचं आहे. रुजू होण्याची तारीख फोनच्या दिवसापासून मोजली तर पत्राला झालेल्या उशिराचा भार उमेदवारावर पडतो. पत्राच्या तारखेपासून मोजली की घाई करण्याची जबाबदारी कंपनीवर जाते.

पुढच्या बुधवारी लेटर येतं. पहिल्या पानावर पंधरा लाखच आहेत. फोड शेवटच्या पानावरच्या तक्त्यात आहे. त्यात दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीची आणि तिची कामगिरी पाहून मिळेल ती रक्कम. एक लाख जॉइनिंग बोनस, एकदाच मिळणारा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६०० रुपये. सात लाखांच्या बेसिकवर ४.८१ टक्क्यांनी धरलेली ग्रॅच्युइटी ३३,६७० रुपये. हे सगळं वजा केलं की उरतात ११,९४,७३०, म्हणजे महिन्याला साधारण ९९,५६० रुपये ग्रॉस. सध्याच्या ८५,००० शी तुलना केली तर दरमहा हातात येणाऱ्या पगारातली वाढ १७ टक्के भरते, ३६ नव्हे.

कोणी फसवलं का? नाही. पॅकेज या शब्दात हे सगळं मावतं, आणि फोनवर फक्त तो शब्द उच्चारला गेला होता. १७ टक्क्यांसाठी नोकरी बदलायची की नाही हा तिचा निर्णय. पण तो निर्णय तिला राजीनाम्याच्या आधी, हातात अजून जुनी नोकरी असताना घेता आला. तिने एचआरला लिहिलं की फोनवर बोलणं झालं तेव्हा पंधरा लाखांत जॉइनिंग बोनस धरल्याचं सांगितलं नव्हतं, तो वेगळा धरावा. राजीनामा दिल्यावर असं पत्र लिहायला जे बळ लागतं, ते कुठून आणणार?

हिशोब बाजूला ठेवला तरी थांबण्याची किंमत काय पडली? गुरुवार ते बुधवार, सहा दिवस. आणि पत्राशिवाय पेपर टाकून ऑफर बारगळली असती तर? जुनी कंपनी ९० दिवस पगार देईल हे खरं, पण ते दिवस पुढची नोकरी शोधण्यात जातील, आणि पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न येईल की हातात ऑफर नसताना राजीनामा का दिला. तिथे आकडा ठरवणारी ती उरत नाही.

पत्रात काय पाहायचं

पगाराची फोड झाली. दुसरी गोष्ट म्हणजे पत्र देणारी कंपनी कोण. मुलाखत एका मोठ्या कंपनीत होते आणि पत्र येतं मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीकडून. काम मोठ्या कंपनीचं, पगारपत्रक मात्र दुसरीचं. हे बेकायदेशीर नाही, पण नोकरी कोणाची हे राजीनाम्याआधी कळायला हवं. मेलचा पत्ता कंपनीच्या अधिकृत डोमेनचा आहे का, तेही पाहावं. लेटरच्या बदल्यात नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून पैसे मागितले, तर पुढे वाचायचीच गरज नाही, ती फसवणूक आहे.

तिसरी गोष्ट अटी. "पार्श्वभूमी तपासणी समाधानकारक झाल्यास" ही अट जवळपास प्रत्येक पत्रात असते आणि ती गैर नाही. पण ती तपासणी बहुधा राजीनाम्यानंतर पूर्ण होते, म्हणून आपल्या कागदांत काही विसंगती असेल, उदाहरणार्थ बायोडेटातली तारीख आणि पीएफ खात्यातली तारीख जुळत नसेल, तर ते आधीच एचआरला लेखी सांगून टाकावं. कंपनीने ते माहीत असूनही पत्र दिलं, तर नंतर त्याच मुद्द्यावरून मागे फिरणं तिला अवघड जातं. "ग्राहकाच्या मंजुरीच्या अधीन" ही अट मात्र वेगळ्या जातीची आहे. तिचा अर्थ ऑफर अजून पुरती झालेलीच नाही. ती मंजुरी आल्याचं लेखी येईपर्यंत थांबावं.

लोक चुकतात ती पायरी

पुष्कळ जण इथवर सगळं नीट करतात. लेटर आलं, वाचलं, खूश झाले आणि लगेच राजीनामा टाकला. स्वीकृतीची सही मात्र "निवांत करू" म्हणून राहिली.

१८७२ चा भारतीय करार कायदा इथे उपयोगी पडतो. प्रस्ताव देणाऱ्याला तो मागे घेता येतो, पण समोरच्याने स्वीकार कळवेपर्यंतच. ऑफर लेटर हा प्रस्ताव आहे. आपण तो स्वीकारल्याचं कळवलं नाही, तोवर कंपनी कायद्याने मोकळी असते. बऱ्याच पत्रांना मुदतही असते, तीन दिवस, पाच दिवस. ती उलटली तर पत्र हातात असूनही ऑफर संपलेली असते. म्हणून क्रम असा: पत्र, वाचन, शंका असल्यास लेखी दुरुस्ती, मग स्वीकृती, आणि शेवटी राजीनामा. स्वीकृती पोर्टलवर बटण दाबून दिली असेल तर पीडीएफ आणि पोचीचा मेल स्वतःच्या खासगी मेलवर ठेवावा. ऑफिसच्या मेलवर ठेवला तर शेवटच्या दिवशी तोही जातो. कागदावर शाईची सही नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्पष्ट आहे.

तोंडी कराराला आपल्या कायद्यात जागाच नाही असंही नाही. पण तो सिद्ध करायचा तर कोण, कोणत्या अधिकाराने, नेमकं काय बोललं हे दाखवावं लागतं, आणि निरोप्याचा फोन त्या कामी फारसा येत नाही.

पत्र असूनही

पत्र म्हणजे हमी नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. टीसीएसने ऑफर दिलेल्या सहाशेहून अधिक अनुभवी लोकांचं रुजू होणं लांबणीवर पडलं आहे, आणि त्यांतल्या अनेकांनी जुन्या नोकऱ्या सोडल्या आहेत, असं तिचं म्हणणं होतं. दिलेल्या सर्व ऑफर पाळू, असं कंपनीने सांगितलं. या लोकांकडे पत्रं होती. तरी दरम्यानचे महिने बिनपगारी गेले, तर ते भरून कोण देणार?

कंपनीने ऑफर मोडली तर न्यायालय सहसा "याला नोकरीवर घ्या" असा हुकूम देत नाही. व्यक्तिगत सेवेचे करार जबरदस्तीने पाळायला लावायचे नाहीत, हे विशिष्ट अनुतोष कायद्याचं जुनं धोरण आहे. नुकसानभरपाई मागता येते, पण त्यासाठी लागणारा वेळ आणि खर्च पाहता फार थोडे लोक त्या वाटेला जातात. मग पत्राचा उपयोग काय? ते असल्यामुळे बोलणं "तुम्ही म्हणाला होतात" वरून "तुम्ही लिहून दिलं आहे" वर येतं. संघटनेकडे, कामगार आयुक्तांकडे किंवा वकिलाकडे जाताना तोच कागद दाखवायचा असतो. आणि पुढच्या कंपनीला आपण विनाकारण नोकरी सोडली नव्हती, हे त्यावरून पटतं.

ऑफर फिसकटलीच, तर पहिला मेल नव्या कंपनीला नको, जुन्या कंपनीला हवा: राजीनामा मागे घेत आहे, असा. इथे वेळेला किंमत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात निर्णय दिला. राजीनामा स्वीकारल्याची नोंद कार्यालयात झाली होती, पण ती कर्मचाऱ्याला कळवली गेली नव्हती. न्यायालयाने म्हटलं की स्वीकार कळवला जाण्याआधी त्याने राजीनामा मागे घेतला, तो ग्राह्य आहे. ते सरकारी मालकीचं महामंडळ होतं. खासगी कंपनीत आपल्या करारातल्या अटी आणि साहेबाची इच्छा यांवर पुष्कळ अवलंबून राहतं. पण तत्त्व उपयोगाचं आहे: स्वीकाराचा मेल येण्याआधी मागे घेतलेला राजीनामा आणि नंतर मागे घेतलेला राजीनामा यांत मोठा फरक पडतो. आणि "आधी राजीनामा स्वीकारल्याचा मेल द्या" या मागणीचा खरा भारही इथेच लक्षात येतो. नव्या कंपनीने स्वतः काही लिहून देण्याआधी आपल्या परतीचं दार आपल्याच हाताने बंद करून मागितलेलं असतं.

नोटिसच्या काळातही दर दोन-तीन आठवड्यांनी नव्या एचआरला मेल करून रुजू होण्याची तारीख कायम असल्याची खात्री करून घ्यावी. शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधीचा मेल तर चुकवूच नये. नोटिस संपल्यावर कळलेली वाईट बातमी आणि नोटिस संपायच्या आठ दिवस आधी कळलेली, यांत जुन्या साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बोलण्याएवढी संधी असते.

आयटीच्या बाहेर

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं. नाशिकच्या खासगी क्लासमधला शिक्षक, कोल्हापूरच्या हॉस्पिटलमधली नर्स, चाकणच्या छोट्या वर्कशॉपमधला सुपरवायझर यांना ऑफर लेटर हा प्रकार पुष्कळदा भेटतच नाही. "अहो, आपल्यात कागद कशाला?" असं मालक म्हणतो, आणि त्याला ते मनापासून वाटतही असतं. अशा वेळी लेटरहेडचा आग्रह धरण्यापेक्षा पाच गोष्टी मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मागाव्यात: पद, महिन्याचा पगार, कामाचं ठिकाण, रुजू होण्याची तारीख आणि प्रोबेशन किती. मालक लिहायला कंटाळला तर आपणच लिहून पाठवावं, "आज बोलल्याप्रमाणे एवढं ठरलं, बरोबर ना?" त्यावर मालकाच्याच नंबरवरून आलेलं "हो, बरोबर" पुढे कामाला येतं. अंगठा दाखवणाऱ्या चित्रावर मात्र समाधान मानू नये, एक ओळ लिहून घ्यावी.

कायदाही या बाजूला सरकतो आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षितता आणि आरोग्यविषयक संहितेनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या वेळी नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. पण ते पत्र नेमणुकीच्या वेळचं आहे. आपला राजीनामा त्याच्या तीन महिने आधी द्यावा लागतो, आणि त्या तीन महिन्यांसाठी हे कलम मालकाला काहीच लिहून द्यायला लावत नाही. तेवढं पत्र आपणच मागून घ्यायचं असतं, आणि ते मागण्याची योग्य वेळ राजीनामा लिहायला बसण्याच्या आधीची असते.